दुसरा ठिपका

नाशिकच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी एकोणतीस वर्षं ऑपरेटिंग सिस्टिम शिकवली, तिथल्या एका तरुण प्राध्यापिकेचा गेल्या हिवाळ्यात फोन आला. मुलं व्याख्या पाठ करतात, पण शेड्यूलिंग आणि डेडलॉक त्यांच्या डोक्यात शिरत नाही. तुम्ही म्हणे रांगांची उदाहरणं देऊन शिकवायचात, एक तास घ्याल का, असं तिनं विचारलं. स्लाइड्स तयार आहेत, हेही सांगितलं. त्या कुणाच्या, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला त्या आधीच्या सरांकडून मिळाल्या होत्या, त्यांना त्यांच्या आधीच्यांकडून.

मेलवर आल्या तशा उघडून पाहिल्या. रंग बदलले होते, मजकूर माझाच होता. एकोणिसाव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : आलेखात चक्र दिसलं की डेडलॉक. ते वाक्य अपुरं आहे हे मला सतरा वर्षांपासून माहीत होतं. मी ते बदललं नव्हतं. का, ते पुढे येईलच.

तासाला साठेक मुलं होती. मी स्लाइड्स बाजूला ठेवून गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानापासून सुरुवात केली. मशीन एक. सगळ्यात पुढे एक जण दोनशे पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन उभा, त्याच्यामागे दहा जण एकेक पान घेऊन. आधी येईल त्याचं आधी, असा नियम ठेवला तर दहा जण एका पानासाठी ताटकळतात. प्रोसेसरपुढच्या रांगेतही हेच होतं. मग काय करावं, असं विचारलं. एकपानींना आधी घ्या, असं पुढच्या बाकावरून आलं. सरासरी थांबणं कमी होईल हे खरंच, मी म्हणालो, पण परीक्षेच्या दिवसांत एकपानी येतच राहिले तर?

"मग रिपोर्टवाला म्हातारा होऊन मरेल, सर," मागून कुणीतरी म्हणालं.

त्याचं उत्तर त्याच्याच विनोदात होतं. म्हातारा होत चालला की मान वाढवायचा. जितका वेळ थांबला तितका त्याचा क्रम वर सरकवायचा. त्याला एजिंग म्हणतात, हे सांगितल्यावर वर्ग हसला. तिसरा मार्ग एका मुलीनं स्वतःच काढला : प्रत्येकाची दहा पानं काढायची आणि उरलेली घेऊन त्यानं रांगेच्या शेवटी जायचं. दहाऐवजी एकच पान ठेवलं तर, असं मी विचारलं. ती म्हणाली, दुकानदार पानं काढण्यापेक्षा कागद उचलण्या-ठेवण्यातच दमेल. टाइम स्लाइस, म्हणजे एका खेपेला मिळणारा वेळ, फार लहान ठेवली की प्रोसेसरचं तेच होतं. ज्याला मी आयुष्यभर समजावणं म्हणत आलो, ते खरं तर योग्य दुकान शोधणं असतं.

मग डेडलॉक, म्हणजे सगळेच एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकणं. एका वेळी एकालाच वापरता येतात अशा वस्तू, हातातली न सोडता दुसरीची वाट पाहणं, कुणी हिसकावून घ्यायचं नाही, आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ. चार अटी सांगून झाल्या आणि एकोणिसावी स्लाइड पडद्यावर आली. मुलं ती वहीत उतरवून घेऊ लागली. मी त्यांना पेन खाली ठेवायला सांगितलं.

सतरा वर्षांपूर्वी याच विषयाच्या तोंडी परीक्षेला पिंपळगाव बसवंतची एक मुलगी समोर बसली होती. डेडलॉकचं उदाहरण दे, म्हटल्यावर तिनं कागदावर द्राक्षांच्या पॅकहाउसचं चित्र काढलं. कुणाकडे काय आहे आणि कुणाला काय हवं हे बाणांनी दाखवणाऱ्या आलेखात साधनासाठी चौकट काढतात आणि तशी साधनं जितकी, तितके ठिपके आत देतात. तिच्या एका चौकटीत पेट्यांना पट्टी मारायचं मशीन होतं, ठिपका एक. दुसरीत वजनकाटा, ठिपके दोन. पहिल्या बाईकडे मशीन, तिला काटा हवा. दुसऱ्या बाईकडे एक काटा, तिला मशीन हवं. दुसरा काटा तिसरीकडे. बाण जोडले की वर्तुळ दिसत होतं. आणि ती म्हणत होती, "वर्तुळ आहे सर, पण डेडलॉक नाही."

बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे पाहून हसले. मी दुसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, शाई सांडली का?

"काटे दोन आहेत, सर."

मी पुढे ऐकलंच नाही. पन्नासपैकी पंधरा दिले. ती नापास झाली.

दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये आली. चित्र एकदा परत बघा, एवढंच म्हणाली. मी तिला पुस्तक वाचायला सांगितलं. संध्याकाळी मीच पुस्तक उघडलं. प्रत्येक साधन एकेकच असेल तर चक्र म्हणजे डेडलॉक. पण एकाच प्रकारची अनेक असतील तर चक्र असूनही सुटका होऊ शकते. तिसरी बाई वजन संपवून काटा ठेवेल, तो पहिलीला मिळेल, तिचं काम झालं की मशीन मोकळं होईल आणि ते दुसरीला. कुणीच अडकणार नव्हतं. गुणपत्रक अजून माझ्या कपाटात होतं, दोन दिवस होतं. बदलायचं तर त्या परीक्षकांना फोन करून दोघंही चुकलो असं म्हणावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी मी ते तसंच जमा केलं. स्लाइड बदलली असती तर कुणीतरी कारण विचारलं असतं, म्हणून तीही तशीच राहू दिली.

केटी, म्हणजे राहिलेला विषय, असलेल्यांना कॅम्पस मुलाखतींना बसू देत नसत. तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना नोकऱ्या लागल्या, ती यादीत नव्हती. ती पुन्हा येईल याची मी वाट पाहत होतो, मी बोलावीन याची तिनं पाहिली असेल, म्हणजे दोघंही अडकलेलो होतो, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. ती खोटी आहे. कागद माझ्या हातात होता आणि मी तो सोडू शकत होतो.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. फळ्यावर तिचं चित्र काढलं, दोन ठिपक्यांसकट. मुलं तिसऱ्या बाईचा बाण शोधत राहिली. तिच्याकडून कुठेच बाण जात नाही हे त्यांना हळूहळू दिसलं. मग झेरॉक्सची दहा पानं सुचवणारी ती मुलगी उभी राहिली.

"सर, मग त्या मॅडमना हे सांगितलंत का?"

नाही, म्हणालो. ती बसली.

त्या जुन्या विद्यार्थिनीचा नंबर मिळवायला चार दिवस लागले. तिच्या बॅचच्या एकानं दिला. ती पिंपळगावलाच एका शीतगृहाच्या संगणकाचं काम बघते. फोन लावून मी नाव सांगितलं, तिला अहो-जाहो करू लागलो, तर तिनं मला थांबवलं. मग मी ठिपक्याचं, पुस्तकाचं आणि कपाटातल्या दोन दिवसांचंही सांगितलं. पलीकडे पेट्या सरकवल्याचा आवाज येत होता.

"मला वाटायचं, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "जाऊ द्या असं मी म्हणणार नाही, सर. दोन वर्षं गेली माझी."

मी हो म्हणालो.

तिनं विचारलं, स्लाइड अजून तशीच आहे का. आता बदलतोय, तुझं चित्र घालतोय, चालेल का, असं मी विचारलं. नाव नको, ती म्हणाली. मग तिनं बारकाईनं चौकशी केली : बाण ठिपक्यापासून निघतोय का चौकटीपासून, तिसरी बाई कुठे काढली. खाली कोपऱ्यात, मी म्हणालो.

"तिला वर घ्या. ती माझी आई होती. ती वजन करायची आणि काटा ठेवायची, कुणासाठी अडून बसायची नाही."

त्या दुपारी मी एकोणिसावी स्लाइड पुन्हा काढली. तिसरी बाई वर, मधोमध घेतली, आणि दुसरा ठिपका पहिल्याइतकाच मोठा काढला.