मशीननं विचारलं अन् मी हिरवं बटन दाबलं

मी दहावी नापास आहो, हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कोणी हसू नये. लगन झालं, लेकरू झालं, अन् ते अजून अंगावरच पीत होतं तेव्हा मी गोंदियाच्या बजारातल्या कपड्याच्या दुकानात काउंटरवर लागली. लेकरू आमच्या गावी, नागऱ्याले, सासूजवळ. दुपार झाली का इकडं माझं ब्लाऊज ओलं होये अन् मी पदर पुढं घेऊन बिल फाडत राहो. मले सारखं भेव वाटे. लेकराचं भेव, शेठचं भेव, सगळ्यात जास्त त्या कार्डाच्या मशीनचं.

मशीन शेठनंच शिकवली. शेठ हिंदीतच बोले. "देख बेटा, कार्ड घुसाने का, रकम डालने की, हरा बटन, फिर कस्टमर पिन डालेगा, फिर हरा. बस." बहुतेक कार्डं काहीच विचारत नाहीत, नुसतं पिन मागतात. पण एखादं कार्ड असं येते का मशीनवर दोन ओळी दिसतात, वर डेबिट, खाली क्रेडिट, अन् मशीन थांबून राहते. मी पहिल्यांदा पाह्यलं तं शेठले हाक मारली. शेठ म्हणे, "डर मत, पूछे तो डेबिट दबाना. उसमें अपना कुछ नहीं कटता. क्रेडिट में बैंक अपने पैसे में से काटता है." डेबिटची ओळ वरच राहे, आधीच उजळलेली. म्हणजे मले काही निवडायचंच नव्हतं, नुसतं हिरवं दाबायचं. माझं बोट तसंच शिकलं.

लगनसराई होती. दुकानात पाय ठेवाले जागा नाही. एक सिस्टर आली, सालेकशाकडच्या कोण्या उपकेंद्रात नर्स होती, भावाचं लगन होतं तिच्या. नवरीची साडी, मामीची, आत्याची, करवल्यायची, असा गठ्ठाच केला तिनं. काउंटरवर आली तेव्हा घामानं भिजली होती, पण बोलणं मोठं खुशीचं.

"पोरी, कार्ड घे. पण ऐक, क्रेडिटवर घेजो बरं. या कार्डात दोन्ही हाये."

"हो जी."

"खात्यातले पैसे मले रोख लागते. परवा मंडपवाला, आचारी, डफडेवाले, सगळ्यायले हातात द्या लागते. आमच्या गावात टावर नाही, फोनवरून पैसे जात नाही. कपड्याचं बिल मी पुढच्या महिन्यात भरीन, पगार झाल्यावर."

"हो जी, हो जी," मी म्हटलं. ऐकलं मी. कानानं पुरं ऐकलं, हे मी आजही खोटं नाही बोलणार. पण तेव्हाच सासूचा फोन आलता, का लेकराचं अंग गरम लागून राहिलं, तू कधी येतं. फोन मी खांद्यात धरला, कार्ड घुसवलं, रकम टाकली. मशीननं विचारलं. मी हिरवं दाबलं.

मंग मशीन सिस्टरपुढं केली, तिनं पिन टाकला. तिनं दोन्हीले एकच पिन ठेवला होता, इसरू नये म्हणून. येगयेगळे राहते तं पिन चुकला असता अन् तिथंच समजलं असतं. पण झालं, कागद निघाला, तिचा तिले दिला, दोन पिशव्या दिल्या. ती गेली. दुकानाचा कागद मी टाचणीनं लावाले घेतला अन् वाचला. डेबिट लिहून होतं.

 धावत जायचं होतं. सिस्टर अजून रस्त्यावरच असन, स्टेशनकडं पायीच चालली असन. पण पुढं एक बाई साडी आपटून म्हणे, "ओ बाई, आमचं करा ना लवकर," अन् मी तिचं केलं. मंग आणखी एकाचं. अन् मनात म्हणत राहिली, पिन तं तिनंच टाकला ना, मले काय माहीत. हे मनात आलं, हेच मले जास्त लागते. चूक तं बोटानं झाली. हे मी केलं.

सिस्टर परत आली तेव्हा तिचा चेहरा येगळाच होता.

"अव माय, हे काय केलं तुमी? स्टेशनजवळच्या एटीएमवर गेली, तं खात्यात पैसेच नाही! मोबाइल पाह्यला तं दुकानाचे पैसे खात्यातूनच कटले!"

शेठ गादीवरून उठला. "मैडम, पिन तो आपने ही डाला ना?"

"मी टाकला, पण मी क्रेडिट म्हटलं होतं!"

"मशीन पे जो आया होगा, वही हुआ होगा."

सिस्टरनं मले पाह्यलं. मी कागदाच्या गठ्ठ्याकडं पाहत होती. सगळं दुकान पाहून राह्यलं असं वाटे.

"बाई," ती मले म्हणे, ओरडली नाही, "मशीननं विचारलं होतं का नाही, एवढं सांग."

"विचारलं होतं," मी म्हटलं. "म्या डेबिट दाबलं. तुमी सांगितलं होतं, तरी दाबलं. इथं तसंच दाबतो आमी." बोलता बोलता रडूच आलं, अन् दुधानं पुढून सगळी भिजली, त्याची लाज येगळी.

शेठचं तोंड असं झालं का आता मले हाकलते. पण गिऱ्हाइकं उभी होती. तो हळूच म्हणे, "ठीक है, ठीक है. वॉइड कर देते हैं."

दिवसभराचा हिशोब मशीन संध्याकाळी ब्यांकेले पाठवते, त्याच्या आधी व्यवहार रद्द होते. शेठनं आपला नंबर टाकला, पावतीचा नंबर टाकला, कार्ड पुन्हा घुसवलं, अन् रद्दचा कागद निघाला. मंग पुन्हा रकम टाकली. मशीननं पुन्हा विचारलं. शेठनं मशीन माझ्याकडं सरकवली. मी खाली गेली, क्रेडिटवर, ओळ पुन्हा वाचली अन् हिरवं दाबलं, सिस्टरनं पिन टाकला.

"चलो, हो गया," शेठ म्हणे. "अब मेरा जो कटेगा सो कटेगा."

"तुमचं कटलं तं काऊन बोंबलता," सिस्टर म्हणे, "माझे तं अजून आलेच नाही." तिनं मोबाइल पुढं केला. रद्दचा मेसेज आला नव्हता.

शेठनं मशीनवाल्यायले फोन लावला, आवाज मोठा करून. तिकडून एक पोऱ्या बोलला, "सर, डेबिट में पैसा उसी टाइम खाते से निकल जाता है. वॉइड आपका हो गया है, मगर बैंक खाते में वापस डालेगा, उसमें चार-पाँच दिन भी लग सकते हैं."

"और क्रेडिट का वॉइड होता तो?"

"उसमें खाते से कुछ निकलता ही नहीं ना सर. बैंक अपनी तरफ से देता है, खाली लिमिट रुकती है."

मी उभ्या उभ्या समजली. इतके दिवस मले वाटे का दोन ओळी म्हणजे एकाच घराचे दोन दरवाजे, कुठूनही गेलं तरी आत तेच. तसं नाही. एका ओळीत बाईच्या खात्यातले पैसे त्याच क्षणाले उचलल्या जातात. दुसरीत ब्यांक तिच्यासाठी देते अन् बिल मागाहून धाडते, अन् त्या कामाचा हिस्सा शेठकडून कापते. कार्डाच्या पोटात दोन्ही बसून राहते, मशीनले कसं समजन बाईले कोणतं पाह्यजे? म्हणून ते विचारते. बाईले विचारते. मले नाही.

सिस्टर म्हणे, "शेठ, मंग गल्ल्यातून रोख द्या ना मले. खात्यात आले का तुमाले पाठवतो."

"नहीं मैडम, कार्ड के बदले रोख दिया तो बैंक मशीन उठा लेगा." त्यानं गल्ला पुढं लोटून बंद केला.

तिच्या गाडीले वेळ थोडा होता. मी शेठले न विचारताच तिच्या पिशव्या उचलल्या अन् तिच्यामागं निघाली. रस्त्यानं ती भरभर चालली. मीच बोलत राहिली, दम लागे तरी, का माझं लेकरू तापलं होतं, का फोन आलता, का शेठनं तसंच शिकवलं होतं. ती म्हणे, "किती तापलं?"

"सासू म्हणे, गरम लागते."

"गरम लागते म्हणजे काय! थर्मामीटर हाये का घरी? घे एक. अन् अंगावर पाजत राह्य, बंद नको करू. सुस्त पडलं, प्यालं नाही, तं रातची वाट नको पाहू, सिविल दवाखान्यात ने." मी आणखीच रडली. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

एटीएमवर कार्ड घातलं तं त्यानंही विचारलं, कोणत्या खात्यातून. मी मान पुढं केली.

"तू हात नको लावू," ती म्हणे.

तिनं क्रेडिट दाबलं. मी म्हटलं, "सिस्टर, क्रेडिटवर रोख काढलं तं?"

"तं आजच्या आज फी लागते, अन् व्याज आजपासून चढते. कपड्याले महिना-दीड महिना सूट भेटते, रोखीले नाही." तिनं नोटा मोजल्या नाही, तशाच पाकिटात कोंबल्या. "मंडपवाला ब्यांकेची वाट पाहीन का? लगन परवा हाये."

"ते व्याज मी देतो जी."

तिनं माझ्याकडं पाह्यलं, माझ्या ओल्या पदराकडं पाह्यलं. "कुठून देशीन?" एवढंच म्हटलं अन् पिशव्या माझ्या हातातून घेऊन स्टेशनच्या पुलावर चढली. मी खालूनच पाहत राहिली.

लेकराचा ताप सर्दीचा होता, उतरला. लगन होऊन गेल्यावर सिस्टरचा दुकानावर फोन आला, का पैसे खात्यात परत आले. शेठनं मले बोलवून सांगितलं, "देख, आ गया. फालतू में रोई." मी मान हलवली. फी किती लागली, व्याज किती चढलं, हे तिनं सांगितलं नाही अन् शेठनं विचारलं नाही. शेठनं फोन माझ्या हातातही दिला होता थोडा वेळ. मी एवढंच म्हटलं, "लगन चांगलं झालं का जी?" ती म्हणे, "झालं, लेकरू कसं हाये?" मी म्हटलं, बरं हाये. अन् जे विचारायचं होतं ते तोंडातच राहिलं, कारण तिनं आकडा सांगितला असता तं मी खरंच कुठून दिला असता.