हलवायाची उतरती रेघ

उत्तरेश्वर हलवाई लेकीचा सेमिनार बघायला वर्गासाठी पेढे घेऊन तुळजापूरच्या कॉलेजात आले. सृष्टीनं पडद्यावर त्यांच्याच दुकानाची पाच वर्षांची महिनावार विक्री दाखवली. नवरात्र-दिवाळीची उंच टोकं बघून गडी फुलला.

“हा हंगाम, दरवर्षी येतोच,” ती म्हणाली. “बारा-बारा महिन्यांची सरकती सरासरी काढली की तो पुसला जातो आणि कल दिसतो.”

तिनं बटण दाबलं. टोकं गेली, उतरती रेघ तेवढी उरली.

“मग आपलं दुकान किती दिस चालंल गं?” त्यांनी विचारलं.

आम्ही निर्लज्ज पोरं त्यांचेच पेढे चघळत हसलो. सर म्हणाले, “छान प्रश्न! सृष्टी, अंदाजाची स्लाइड लाव.”

बापाकडं न बघता तिनं ती लावली.