पंचवीस की दहा

आमच्याकडे स्पर्धा परीक्षांची सरावपुस्तकं निघतात. त्यातली उत्तरं तपासणाऱ्या बाईंना आम्ही ‘फूटपट्टी’ म्हणतो. आलेख दिसला की त्या आधी पट्टी लावून बघतात, आकडे शून्यापासून सुरू होतात की भलतीकडूनच. तक्ता असेल तर ‘हजारात’ की ‘लाखात’, तेही. घाई करणाऱ्यांचा त्यांना भारी राग.

परवा त्यांनी एका लेखक सरांचं उत्तर खोडलं. दोन वर्षांचे दोन वृत्तालेख होते. एकूण प्रवासी तेवढेच, पण बसने जाणाऱ्यांचा वाटा चाळीस टक्क्यांवरून पन्नासवर गेलेला. बसचे प्रवासी किती टक्क्यांनी वाढले? सरांचं उत्तर होतं दहा.

“सर, वाटा दहा टक्केबिंदूंनी वाढला. पण चाळीसाचे पन्नास झाले, म्हणजे प्रवासी पंचवीस टक्क्यांनी वाढले.”

सर तडकले. “अहो, वीस वर्षांपूर्वीच्या भरती परीक्षेतला प्रश्न आहे हा! तिथे दहाच बरोबर धरलं होतं. उगाच डोकं खाऊ नका.”

“माहीत आहे,” बाई शांतपणे पट्टी पुसत म्हणाल्या. “मी तिथे पंचवीस लिहिलं होतं. एका मार्काने राहिले.”