कढईखालचं पॅड

धम्मप्रिया बनसोडे पोह्यातला खडा निमूट गिळेल, पण पाठ केलेलं गणित तिच्या घशाखाली उतरत नसे. सोलापुरातल्या एका कॉलेजात ती बी.एस्सी.च्या पोरांना गणित शिकवायची. नोकरी तासिका तत्त्वावरची. दर जूनला विभागप्रमुखांनी मान डोलावली तर पुढचं वर्ष, नाहीतर घरचा रस्ता. वडील हणमंत एमआयडीसीत चादरींच्या मागावर राबलेले. पोरगी प्राध्यापक झाली म्हणून ते गल्लीभर मिरवायचे आणि ही कायम झालेली नाही, हे मात्र कुणाला सांगायचे नाहीत.

शिकवायची तिची एक तऱ्हा होती. स्पर्शपातळीचा धडा आला की ती घरून लोखंडी कढई आणायची. कढई उचलून धरायची आणि परीक्षेचं पुठ्ठ्याचं पॅड तिच्या बाहेरच्या अंगाला, खालून टेकवायची. "कढई म्हणजे आपला पृष्ठभाग. पॅड म्हणजे टॅन्जंट प्लेन, स्पर्शपातळी. टेकलंय तिथून बोटभर सरका. कढई नि पॅड यांच्यात किती फट दिसते? नसल्यासारखी. म्हणून जवळपासचं उत्तर वाकड्या कढईवर न शोधता सपाट पॅडवर शोधायचं. लांब गेलात की फसलात." पोरं मागून तिला कढईवाल्या मॅडम म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

मे महिन्यात पेपर तपासणीला बसली, तेव्हा मात्र तिला सगळ्याचाच वीट आला. हॉलमधले कूलर नुसती गरम हवा फेकत होते. शेजारचे एक सर उत्तरपत्रिका न वाचता पानं मोजून गुण देत होते. वाचायचं कशाला, पोरांनी तरी कुठं विचार करून लिहिलंय, हे त्यांचं तत्त्वज्ञान. धम्मप्रियानं खुर्ची जरा बाजूला ओढली.

प्रश्न सोपा होता. z = x² + y² या पृष्ठभागाची (1, 2) पाशी स्पर्शपातळी काढा, आणि टोटल डिफरन्शियल वापरून (1.1, 1.9) पाशी z ची अंदाजे किंमत सांगा. आठ गुण.

तिच्या पुढ्यातल्या उत्तरपत्रिकेत एका पोरीनं तो सुरेख सोडवला होता. पोरगीच, कारण अक्षर तसं होतं. z ची किंमत 5. x च्या दिशेनं उतार 2x, म्हणजे त्या बिंदूपाशी 2. y च्या दिशेनं 2y, म्हणजे 4. म्हणून पातळी z = 5 + 2(x − 1) + 4(y − 2). मग x मधला बदल dx = 0.1, y मधला dy = −0.1 आणि त्यामुळं z मधला dz = 2(0.1) + 4(−0.1) = −0.2. उत्तर 4.8. समासात पेन्सिलीनं एक कढई काढलेली, तिच्या खाली पॅड. धम्मप्रियाला हसू फुटलं. आपल्याच वर्गातली कुणीतरी. बाकीचा पेपर यथातथाच होता. हे आठ गुण मिळाले तर पोरगी पास, नाहीतर गेली.

तिनं आदर्श उत्तर उघडलं आणि हसू जागीच विरलं. तिथं लिहिलं होतं, z = 5 + 2x(x − 1) + 2y(y − 2). उतारात बिंदूची किंमत घातलीच नव्हती, x आणि y तसेच मोकाट सोडलेले. पुढं त्यात 1.1 आणि 1.9 कोंबून उत्तर काढलं होतं, 4.84. खाली टीप होती: दुसरं कुठलंही समीकरण आल्यास दोनच गुण.

ही चूक तिला ओळखीची होती. विभागप्रमुख बिराजदार सरांच्या गाइडात ती गेली कित्येक वर्षं सुखानं नांदत होती. जिल्ह्यातली निम्मी पोरं ते गाइड घोकायची, प्रश्न काढणाऱ्यानंही त्यातूनच उचलला असणार. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

तपासणीचे मुख्यही सिद्धलिंगप्पा बिराजदार सरच. ती उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेली. सर दाताच्या फटीतलं शेंगदाण्याचं कूट जिभेनं काढत होते.

"सर, आदर्श उत्तर चुकलंय. ही पातळीच नाही."

"का की?"

"सपाट कुठंय? y दोनावर ठेवा नि x बदला. x शून्य असताना z पाच, एक असताना पाच, दोन असताना नऊ. पातळीवर अशी सरळ रेघ आली पाहिजे. ही तर वाकलीय."

सरांनी मोबाइलवर आकडे घातले आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे बघा मॅडम, 1.1 चा वर्ग अधिक 1.9 चा वर्ग किती? 4.82. तुमचं 4.8, आमचं 4.84. तुमी दोन शतांश खाली, आमी दोन शतांश वर. फरक सारखाच की! मग आमचं चूक कसं?"

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. एकानं "वा सर" असंही म्हटलं. त्या 'वा'कडं धम्मप्रियानं वळूनही पाहिलं नाही.

"वर आलंय, हीच तर चूक," ती म्हणाली. "हा पृष्ठभाग कढईसारखा आहे, तोंड वर केलेला. स्पर्शपातळी त्याला खालून टेकते. टेकलेल्या बिंदूपासून जरा हललात की ती कढईच्या खालीच राहणार, म्हणजे उत्तर 4.82 पेक्षा कमीच यायला हवं. तुमचं 4.84 कढईच्या आत शिरलंय. बाहेरून टेकवलेलं पॅड भोक न पाडता आत कसं जाईल, सर?"

कुणी हसलं नाही. सरांची जीभही थांबली. त्यांना कळलं होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आणि तिला त्याचीच जास्त किळस आली. न कळणाऱ्या माणसाला शिकवता येतं.

सरांनी आवाज उतरवला. "मॅडम, लई ताणू नका. जून आलाय जवळ. तुमच्याबद्दल माझं चांगलंच मत हाय."

वडिलांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला. तरी ती उत्तरपत्रिका तशीच धरून उभी राहिली. "हिला आठ गुण मिळाल्याशिवाय मी सही करणार नाही."

सरांनी तिच्याकडं पाहिलं, कूलरकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "ऐका हो! त्या प्रश्नाला दोन्ही उत्तरं ग्राह्य. दोघांनाही पूर्ण गुण. पोरांचं नुकसान नको." मग तिच्याकडं वळून, "झालं समाधान?"

धम्मप्रियानं आठ गुण दिले आणि सही केली. पुढच्याच उत्तरपत्रिकेत 4.84 होतं. तिथंही आठ लिहिले. पेन खाली ठेवून तिनं नळावर जाऊन हात धुतले, तरी त्यांना काहीतरी चिकटल्यासारखं वाटत राहिलं. पण पोरगी पास झाली, असं ती स्वतःला बजावत घरी गेली.

जूनमध्ये सरांनी मान डोलावली. वर्ग सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात तास संपल्यावर रुपाली टेबलापाशी येऊन उभी राहिली. मैंदर्गीकडची, शेळ्या राखणाऱ्या घरातली, वर्गात कधी तोंड न उघडणारी पोर.

"मॅडम, त्या प्रश्नाला मी तुमच्यावाणी केलं. कढईबी काढली हुती."

"तूच होय ती! छान काढली होतीस."

रुपाली हसली नाही. "माझ्या खोलीतल्या पोरींनी गाइडातलं घोकून लिवलं. त्यास्नीबी तेवढंच मिळालं. सर म्हनले, दोन्ही बरुबर हाय. खरंच दोन्ही बरुबर हाय व्हय, मॅडम?"

दारावरून बिराजदार सर चालले होते. दोघींना बघून ते सवयीनं हसले आणि उगाचच थांबले.

धम्मप्रियाचा हात टेबलावरच्या कढईवर होता. "गुण दोन्हीला मिळतात," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून तिला शिसारी आली.

रुपालीनं मान हलवली. पिशवीतून तिनं सरांचं नवंकोरं गाइड काढलं आणि विचारलं, "मग मॅडम, यातलं कुठलं कुठलं पाठ करू?"