आजी म्हणालास ना? आता सांभाळ चपला!

मंडळी, कोलाडला राफ्टिंग करून आत्ताच लालबागला घरी पोचलेय. अंग ठणकतंय, पण जाम खूश आहे.

ग्रॅज्युएशनच्या ट्रिपची कॉन्ट्री गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. राफ्टिंगआधी दारू नाही आणि स्वतःच्या चुकीने राइड हुकली तर पैसे परत नाहीत, हे मी आधीच ठरवून घेतलं होतं. तेव्हापासून आमच्या ग्रुपमधला संकेत मला सगळ्यांसमोर 'आजी' म्हणायचा.

आज नदीवर गाइडने त्याला विचारलं, "प्यायलायस का?" संकेतने नाही म्हणत मला डोळा मारला.

मी म्हटलं, "दोन बिअर, दादा."

गाइडने त्याचं लाइफ जॅकेट काढून घेतलं.

"निदान माझे पैसे तरी दे," संकेत कुरकुरला.

"नियम आहे रे, बाळा."

काठावर आमच्या चपला राखत बसलेल्या संकेतचा फोटो मी ग्रुपचा डीपी केलाय. सांगा, आजीचं काही चुकलं का?