आबाजींचं कार्ड

चौक गावच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या माधवीबाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. भुताला कशाने भागायचं आणि बाकी काय उरते हे कुणी फळ्यावर करून दाखवलं तर विचार करू, असं त्या म्हणत. त्याच बाई शाळेच्या बुद्धिबळ स्पर्धेत दरवर्षी एका मेलेल्या माणसाला खेळायला बसवत.

तो माणूस म्हणजे आबाजी, चित्रकलेचे मास्तर. वीस वर्षं दोघांनी मिळून ही स्पर्धा चालवली, म्हणजे भांडत चालवली. स्विस पद्धतीवर मात्र दोघांचं एकमत होतं. हरलेल्या पोराला घरी पाठवायचं नाही. सगळ्यांनी सगळ्या फेऱ्या खेळायच्या. दर फेरीला सारख्या गुणांची मुलं समोरासमोर आणायची आणि एकदा भिडलेली जोडी पुन्हा भिडवायची नाही. प्रत्येक मुलाच्या नावाचं एक कार्ड. बाई ती कार्डं गुणांप्रमाणे लावत आणि पापड वाळत घालावेत तशी टेबलावर जोडीजोडीने मांडत.

मुलं विषम आली की एक पोर उरे. त्याला बाय, म्हणजे न खेळताच पुरा एक गुण. पण समोर कुणी नाही म्हणून पोर खिडकीतून हायवेचे ट्रक मोजत बसलेलं आबाजींना बघवत नसे. त्यांनी स्वतःच्या नावाचं कार्ड केलं आणि उरलेल्या पोरासमोर ते स्वतः बसू लागले. गुण पोराला मिळणारच होता, तरी मास्तर मन लावून हरत. वजीर मारात ठेवून "अरे देवा" असं कपाळाला हात लावून म्हणणं तर त्यांनाच जमावं. त्यांच्या कार्डावर कायम शून्य, म्हणून ते कायम तळाला, आणि तळाचं पोर त्यांच्या वाट्याला. जोडी पुन्हा लागत नसल्यामुळे कुणाला दोनदा बायही मिळत नसे.

मग एका मे महिन्यात आबाजी गेले. कार्ड तेवढं राहिलं. बाईंना ते फाडवेना. विषम संख्या आली की त्या पट मांडत, काळ्या सोंगट्यांमागे रिकामी खुर्ची ठेवत आणि बाय मिळालेल्या पोराला तिच्यासमोर पांढऱ्यांकडे बसवत. पोरं बसत, जांभया देत आणि गुण घेऊन जात. मेल्यावरही माणूस हरतच होता.

यंदा पंधरा मुलं आली. यादीत तळाला हिरू, डोंगरातल्या ठाकूरवाडीची सातवीतली मुलगी. स्पर्धेत पहिल्यांदाच उतरलेली, आणि वयाच्या अटीमुळे शेवटचीही वेळ हीच. पहिले दोघं पुढच्या स्पर्धेला कर्जतला जाणार होते. हिरूला कर्जत बघायचं नव्हतं, ते तिने बाजाराच्या दिवशी पुष्कळ पाहिलं होतं. तिला तिथे खेळायचं होतं. पहिल्या फेरीत तिच्या कार्डासमोर आबाजींचं कार्ड आलं.

"समोर कोन बसनार, बाई?" हिरूने विचारलं.

"आबाजी मास्तर. गुण तुझाच आहे. तू नुसती बस."

"नुसती कशाला बसू? त्यांना आवडंल का?"

फेरी संपली तेव्हा बाई तिच्या पटाजवळ आल्या. खेळ शेवटाला गेला होता आणि पांढरा राजा कोपऱ्यात मेला होता.

"मास्तर जिकलं," हिरू शांतपणे म्हणाली. "दोनी बाजूंनी मीच चालले, पन काळं बेस चाललं. मी हारले."

"बायमध्ये कुणी हरत नाही गं," बाई हसल्या आणि तिच्या कार्डावर एक लिहिला. पाठीवरून मात्र उगाचच गार वारा गेला. पंखा बंद होता.

दुसऱ्या फेरीत बाय मिळालेली प्रिया त्याच पटावर हरली. तिसऱ्या फेरीतला कमळ्याही हरला. चौथ्या फेरीतलं पोर तर हरून आल्यावर खुशीत होतं. बाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"काय चाललंय रे तुमचं?"

"हिरूनं सांगितलं बाई. मास्तर आपल्यासाठी लय वर्सं हारलं, आता त्यांना जिकू द्या म्हनली."

बाईंचा जीव भांड्यात पडला. भूत म्हणजे पोरांचं प्रेम होतं, आणि त्याला भागायची गरज नव्हती. पाचव्या फेरीचा पट मांडून त्या निश्चिंतपणे चहाला गेल्या. परत आल्या तर पांढऱ्या राजावर मात झालेली आणि बाय मिळालेलं पोर बाहेर मोरीवर हातपाय धूत होतं.

"तू खेळलास ना?"

"नाय बाई. वडापाव खात होतो. आता बसनारच होतो."

बाईंनी सगळ्यांना विचारलं. सगळे आपापल्या पटावर होते. काळ्या सोंगट्यांमागची खुर्ची किंचित मागे सरकलेली होती, माणूस उठून जाताना सरकते तशी. बाईंनी ती जागेवर ढकलली आणि मग लगेच हात मागे घेतला.

शेवटी गुण मांडले. स्वप्नील पाचपैकी पाच. हिरूचे चार, आरोहीचे चार. दोघी स्वप्नीलशीच हरल्या होत्या आणि एकमेकींशी भिडल्याच नव्हत्या. म्हणजे टायब्रेक आला: तुम्ही ज्यांच्याशी खेळलात, त्यांच्या गुणांची बेरीज. कठीण माणसांशी झुंजलेला वर. आरोहीची बेरीज तेरा. हिरूची, चार खऱ्या प्रतिस्पर्ध्यांची मिळून, बारा. पाचवे आबाजी. सकाळी बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं ते अजून तसंच होतं: बायचा प्रतिस्पर्धी शून्य गुणांचा.

"मोबाइलवर दुसरीच पद्धत दिसतेय," मुख्याध्यापक जगदीश सर हळूच म्हणाले. "बायलाही काही गुण धरतात म्हणे. धरा की. पोरगी जाईल."

"धरतात. पण ते सकाळी सांगावं लागतं, सर. आरोही हे वाचून खेळली."

तरी बाईंची नजर कार्डावर गेली. आबाजी आज पाच डाव जिंकले होते. ते पाच मिळवले तर हिरूची बेरीज सतरा. मास्तर कुठूनतरी तेवढ्यासाठीच आले असतील तर? पेन्सिल शून्यावर टेकली. मग त्यांच्यातली गणिताची बाई जागी झाली. आबाजी जिंकले असं धरलं, तर हिरू हरली असंही धरावं लागेल. मग तिचे चार नाहीत, तीनच. हिरूने त्यांच्याकडून गुणही घ्यायचा आणि त्यांना जिंकवायचंही, हे मेलेल्या माणसाच्या बाबतीतसुद्धा चालत नाही.

"हिरू, इकडे ये गं," त्यांनी हाक मारली आणि सगळं गणित जसंच्या तसं सांगितलं.

हिरूने बेरीज बोटांवर पुन्हा केली. ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "बराबर हाय. आरोहीला जाऊ दे." आणि थोड्या वेळाने, "मास्तरांचं शून्य तसंच ठेवा, बाई. पन त्यांना म्हाईत हाय ते जिकले."

पोरं पट आवरू लागली.

"पुढच्या वर्षी तुझं वय उलटेल," बाई म्हणाल्या. "खेळता येणार नाही. पण मुलं विषम आली तर त्या खुर्चीवर कुणीतरी बसायला हवं."

"हारायला?"

"हो."

"मी नाय हारनार," हिरू म्हणाली. "पोरगं चांगलं खेळलं तरच हारीन. मास्तरांसारकं उगा नाय."

बाईंनी आबाजींच्या कार्डावरचं शून्य तसंच ठेवलं आणि कार्ड हिरूच्या हातात दिलं. मागे उरलेल्या आबाजींच्या पटावरच्या सोंगट्या गोळा करायला त्या वळल्या, तर काळा वजीर कुठेच सापडेना. टेबलाखाली पाहिलं, डबा पालथा केला. शेवटी तो पटावरच, पांढऱ्या घोड्याच्या अगदी मारात मिळाला. त्या घरात त्यांनी आत्ताच पाहिलं होतं.

त्यांनी तो उचलला नाही. दिवा मालवताना फक्त म्हणाल्या, "अहो मास्तर, आता पुरे."