गॅलरीतली ढोली आणि सोसायटीची नोटीस

कुंदाबाई नवा तांदूळ खात नाहीत. नवा तांदूळ शिजला की गिच्च होते, पोटात गोळा होऊन बसते, असं त्यांचं म्हणणं. सडक अर्जुनीकडच्या त्यांच्या गावात बटईनं, वाट्यानं कसायला दिलेल्या धानाच्या बांध्या आहेत. हिश्श्याचं धान गिरणीतून भरडून तांदूळ गोंदियाला येतो, तो पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत वर्षभर मुरतो, आणि मग चुलीवर, म्हणजे आता गॅसवर, चढतो. त्यासाठी गॅलरीत ढोली, म्हणजे कणगी, आहे. बांबूची विणलेली, शेणामातीनं लिपलेली, बाईच्या खांद्याएवढी उंच. नवरा मास्तर होते, त्यांनी फ्लॅट घेतला तेव्हा ही ढोली जिन्यात मावेना. दोर लावून ती बाहेरून वर ओढावी लागली, आणि अख्खी बिल्डिंग खाली उभी राहून सल्ले देत होती. मास्तर गेले, फार काळ त्या फ्लॅटात राहिले नाहीत. ढोली राहिली.

खालच्या मजल्यावर नंदलाल राहतात, कापडाच्या दुकानाचे. कुंदाबाईंची गॅलरी म्हणजे त्यांच्या गॅलरीचं छत. त्या छताला दोन पावसाळ्यांपासून चीर पडली आहे, पोपडे गळतात. दिसल्या की ते म्हणायचे, "मास्तरीनबाई, तुमच्या चावलच्या वजनानं एक दिवस आमचा चाय का कप फुटेल." कुंदाबाई हसत. गंमत आहे असं त्यांना वाटायचं.

मग सोसायटीची नोटीस लागली.

सेक्रेटरी वीरेंद्र बिजली खात्यात आहे, आणि नोटीस लिहायची तर खात्यातल्यासारखीच लिहितो. इमारतीला पंधरा वर्षं उलटून गेल्यामुळे उपविधीप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट होईल. इंजिनियरची फी दुरुस्ती निधीतून जाईल, कमी पडेल ती रक्कम सभेत ठरल्याप्रमाणे सगळ्या फ्लॅटमध्ये सारखी वाटली जाईल. पाहणीच्या दिवशी घर उघडं ठेवावं, खांबाजवळची कपाटं सरकवावीत, भेगा पाहणीआधी बुजवू नयेत, इंजिनियर प्लास्टर खरवडतील तर अडवू नये. इथवर कुंदाबाईंना कळलं. शेवटची ओळ मात्र त्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचली. घरात केलेले बदल आणि ठेवलेलं जड सामान याची माहिती लपवू नये. त्यामुळे नुकसान झाल्याचं आढळल्यास दुरुस्तीचा खर्च त्या सदस्याचा राहील.

जड सामान. अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या ढोलीएवढं जड काय होतं? आणि भेग कोणाच्या छताला होती?

वीरेंद्रला त्यांनी जिन्यात गाठलं, पण ढोलीचं नाव घ्यायची हिंमत झाली नाही. ऑडिट म्हणजे हिशेब तपासतात का, असं विचारलं. वीरेंद्रनं सांगितलं, हे बिल्डिंगचं डॉक्टरी तपासणं आहे. मग सारखा खर्च काऊन, दुखणं एकाच्याच घरी असलं तर? तो म्हणाला, काकी, पाया एकच आहे. हेच त्यानं सभेत नंदलालना सांगितलं होतं, कारण नंदलालचं म्हणणं होतं की खालच्यांचं वर काय अडलं, खालच्यांनी कमी द्यावं. सभेत सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. कुंदाबाईंनीही. तेव्हा त्यांना वाटलं होतं, कळलं.

पैसे द्यावे लागले असते तर त्यांनी कुठूनही उभे केले असते. पण ढोली काढायला लावली आणि तांदूळ बंद झाला तर गावाशी काय उरणार होतं? वर्षातून एकदा पोती येतात, पोत्यांबरोबर कोण मेलं, कोणाचं लग्न जमलं, तलावात पानी किती, हे येतं. पोरगी डिंपल रायपूरला, तिच्या मते दुकानात पाकिटातला तांदूळ मिळतो.

पाहणीच्या आदल्या दोन दिवसांत कुंदाबाईंनी ढोली रिकामी केली. टोपली टोपलीनं. तांदूळ झोपायच्या खोलीत दिवाणावर, दिवाणाखाली, गाद्यांच्या मध्ये पोत्यांत भरला, वरून लुगडी पसरली. ढोली दारातून निघणार नव्हती, ती राहू दिली.

इंजिनियर म्हणून दीप्ती आली, बरोबर एक मदतनीस. हातोडीनं खांब ठोकत, आवाज ऐकत, पोकळ वाटलं तिथं खडूनं गोल करत. काही ठिकाणी प्लास्टर घासून एक नळीसारखं यंत्र दाबून आकडे लिहून घेत. गॅलरीत येऊन तिनं ढोलीत वाकून पाहिलं.

"आजी, ही नेहमी रिकामीच असते?"

"हो. आठवन म्हनून ठेवली."

दीप्तीनं लिहून घेतलं. कुंदाबाईंना वाटलं, सुटली एकदाची. पण खालून ठोकल्याचा आवाज यायला लागला तेव्हा त्यांना बसवेना. खोटं लिहून घेतलंय, आणि त्या खोट्यावर बिल्डिंगचं औषध ठरणार. उद्या ते छत नंदलालच्या डोक्यावर पडलं तर? त्या तशाच अनवाणी खाली गेल्या.

नंदलालच्या गॅलरीतलं प्लास्टर उकरलं होतं, नंदलाल आणि वीरेंद्र वर बघत उभे होते. आतल्या सळ्या तांबूस, फुगलेल्या, हात लावला की पापुद्रे गळत होते.

"बाई, मी लबाड बोलली," कुंदाबाई दीप्तीला म्हणाल्या. "ढोली भरून राहते. सालभर. हे माह्या तांदळानंच झालं."

दीप्तीनं त्यांना बाहेर नेऊन गच्चीवरून येणारा पावसाच्या पाण्याचा पाइप दाखवला. गॅलरीला लागून त्याचा सांधा फुटला होता, भिंतीवर हिरवट ओघळ होता. वर्षानुवर्षं पाणी स्लॅबमध्ये मुरलं, सळ्या गंजून फुगल्या, त्यांनी काँक्रीट फोडलं. पाइप सोसायटीचा, म्हणून हे कामही सोसायटीचं, असं वीरेंद्र लगेच बोलला.

"म्हंजे तांदळानं नाही?"

"तांदळानं सळी गंजत नाही, आजी."

"मंग परत भरू?"

"नाही नाही. हा स्लॅब आता कमजोर आहे. दुरुस्तीपर्यंत खाली टेकू लावू. वर काही ठेवायचं नाही. आणि नंतरही एवढं वजन गॅलरीच्या टोकाला नको."

कुंदाबाई म्हणाल्या, "माह्यी चूक नाही म्हनता, अन ठेवू पन नोको म्हनता. मंग माह्यं चुकलं का नाही चुकलं?"

दीप्ती म्हणाली, दोन्ही खरं आहे. याचा उपयोग कोणालाच झाला नाही.

तांदूळ आता कुठे आहे, हे तिनं विचारलं तेव्हा सगळे वर गेले, आणि लुगडी उचलल्यावर वीरेंद्रनं कपाळाला हात लावला. खोलीच्या मध्यात सगळा ढीग. भिंतीशी पसरून ठेवा, दीप्ती म्हणाली, आणि निम्मा तरी खाली जमिनीवर गेलेला बरा.

"खाली म्हंजे कोनाकडं?"

नंदलाल दारात उभे होते. "हमारे यहाँ रख दो. पीछे का कमरा रिकामा आहे. भाडं घेईन."

"भाडं काय?"

"जुना चावल. नवा नाही चालनार. नवा गिच्च होते म्हनता ना तुम्ही?"

तेव्हापासून कुंदाबाई तांदूळ आणायला पायलीचं माप घेऊन खाली जातात. नंदलालच्या गॅलरीत लोखंडी टेकू उभे आहेत, त्यांच्यामधून वाकून आत जावं लागतं. वर ढोली रिकामी, डिंपलनं फोनवर सुचवलं तशी तिच्यात तुळशीची कुंडी ठेवायची की नाही, हे अजून ठरत नाही, कुंडीसुद्धा वजनच.

परवा दुसरी नोटीस लागली, दुरुस्तीच्या खर्चाची सभा. कुंदाबाई ती वाचून खाली आल्या आणि पायली भरता भरता नंदलालना म्हणाल्या, समजून सांगा. त्यांनी दोनदा वाचली.

"मला तर पहिलीच नाही कळली, मास्तरीनबाई," ते म्हणाले. "पर यंदाचा चावल आला की सीधा इथंच उतरवा. वर नका चढवू."

कुंदाबाईंनी मान हलवली, आणि गावाकडे फोन लावला.